कपातल्या थरांना पाणी सुटतं ते कुठून, आणि ते आधीच कसं काढून घ्यायचं

"ताई, मुलीच्या वाढदिवसाला स्ट्रॉबेरी, क्रीम आणि मारी बिस्किटांचा चुरा असे थर लावून 24 कप केले. सकाळी 9 ला लावले तेव्हा फार सुंदर दिसत होते. संध्याकाळी 6 ला फ्रिजमधून काढले तर तळाला गुलाबी पाणी, बिस्किटांचा लगदा आणि क्रीमवरून लाल ओघळ. स्ट्रॉबेरी चिरून, साखर घालून ठेवली होती. क्रीम नेहमीचं पाकिटातलं होतं, तेच फेटलं. पुढच्या महिन्यात जावेच्या बाळाचं बारसं आहे, तेव्हा परत हेच करायचंय. काय चुकलं?"

सगळ्यात आधी पाण्याचा रंग बघायचा. ऑर्डरचे कप करायला लागले तेव्हा मीही प्रत्येक बिघाडावर एकच उपाय करायची, क्रीम आणखी घट्ट फेटायची. त्याने काही वेळा फरक पडायचा, बहुतेक वेळा नाही, कारण पाणी क्रीमचं नसायचंच. कपात पाणी तीन ठिकाणांहून येतं आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. लाल किंवा गुलाबी पाणी फळाचं. क्रीम आणि बिस्किटाच्या सीमेवर काचेतून दिसणारी फिकट, हिरवट-पांढरी, दह्याच्या निवळीसारखी रेघ क्रीमची. आणि क्रीमच्या पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले असतील, तर ते झाकणाला धरलेलं दव खाली टपकल्याचं.

तुमच्या कपांत पहिली दोन्ही पाणी होती. फळाचं जास्त, म्हणून रंग गुलाबी दिसला. क्रीमची निवळ त्यात मिसळून गेल्यामुळे वेगळी दिसली नाही. शंका वाटत असेल तर बारशाच्या आठवडाभर आधी तीन कप लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा: एकात फक्त चुरा आणि क्रीम, दुसऱ्यात फक्त क्रीम आणि फळ, तिसऱ्यात फक्त चुरा आणि फळ. सकाळी कोण रडतंय ते आपोआप कळतं. नवीन ब्रँडचं क्रीम किंवा नवीन फळ वापरायचं असेल तेव्हा मी आजही हे करते.

आता फळाकडे येऊ, कारण तुमचं निम्म्याहून अधिक दुखणं तिथे आहे. काकडीच्या कोशिंबिरीत आपण मीठ अगदी वाढताना घालतो, आधी घातलं की वाडगाभर पाणी सुटतं. साखरही तेच करते. स्ट्रॉबेरीत दहातले नऊ भाग पाणी असतं. ती चिरली की कापलेल्या कडेच्या पेशी उघड्या पडतात, आणि वर साखर पडली की आतलं पाणी साखरेच्या दिशेने बाहेर यायला लागतं. हे काम पाच मिनिटांत संपत नाही, तासन् तास चालू राहतं. तुम्ही साखर घातलेली फोड कपात भरली तेव्हा तिचं पाणी सुटणं नुकतं सुरू झालं होतं. उरलेलं सगळं कपात सुटलं, खाली गेलं आणि चुऱ्याने ते पिऊन घेतलं.

सुटणारं पाणी थांबवता येत नाही. ते कपात जायच्या आधी काढून घेता येतं, आणि काढलेलं आटवून परत फळातच घालता येतं. मी फळाचे दोन वाटे करते. एक वाटा शिजवलेला, तो आतल्या थरासाठी. दुसरा ताजा, बिनसाखरेचा, फक्त वर ठेवायला आणि तोही शेवटी. ताज्या चिरलेल्या स्ट्रॉबेरीचा थर कपाच्या पोटात ठेवून आठ तास नीट राहील असा मार्ग मला आजवर सापडलेला नाही, आणि तसा आग्रह धरू नये असं मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगते.

तुमच्या 24 कपांचंच माप घेऊन सांगते. कप 150 मिलीचे धरते, म्हणजे केटरिंगवाल्यांकडे मिळतात ते पारदर्शक, झाकणाचे. 1 किलो स्ट्रॉबेरी लागेल. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीकडची मिळते, ती घ्या. खूप मोठी, टम्म फुगलेली घेण्यापेक्षा मध्यम आकाराची, आतपर्यंत लाल झालेली बरी. पांढऱ्या गाभ्याच्या फळाला चवही कमी आणि पाणीही जास्त लागतं असा माझा अनुभव आहे. धुताना देठ काढू नका. देठ काढला की तिथल्या खळग्यात पाणी शिरतं आणि ते पुसता येत नाही. देठासकट धुवायची, सुती पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी करायची आणि मगच देठ काढायचे.

यातली 600 ग्रॅम शिजवायला घ्या. बोराएवढ्या फोडी करा, 90 ग्रॅम साखर आणि 1 चमचा लिंबाचा रस घालून एक तास झाकून ठेवा. तासाभराने तळाला चांगला वाटीभर रस सुटलेला असेल. हाच तो रस, जो परवा तुमच्या बिस्किटांत गेला. चाळणीवर फोडी निथळा, पण दाबू नका. आता फक्त रस पसरट कढईत घेऊन मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. फोडी रसासकट शिजवल्या तर रस आटेपर्यंत त्यांचा जॅम होतो. रस आधी आटला की फोडी फक्त 3-4 मिनिटं त्यात घोळवाव्या लागतात आणि त्यांचा आकार टिकतो. शेवटी 12 ग्रॅम कॉर्नफ्लोअर 2 टेबलस्पून थंड पाण्यात कालवून घाला, बुडबुडे यायला लागल्यावर एक मिनिटभर ढवळा आणि गॅस बंद करा. कॉर्नफ्लोअर घातल्यावर उगाच उकळत ठेवलं तर आंबट फळात ते पुन्हा पातळ होतं. थंड होऊन घट्ट बसल्यावर सारखं ढवळलं तरीही तेच. म्हणून एकदा बसलं की त्याला शक्यतो हात लावायचा नाही, सरळ पिशवीत भरायचं.

झालं की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. गरम असताना सगळंच पातळ दिसतं. एक चमचाभर स्टीलच्या ताटलीत काढा, फ्रिजमध्ये 10 मिनिटं ठेवा आणि मग पेपर नॅपकिनच्या घडीवर ठेवा. आणखी 10 मिनिटांनी गोळ्याभोवती ओलं वर्तुळ किती पसरलंय ते बघा. बोटाच्या पेरापेक्षा कमी असेल तर कपात चालेल. पुढे पसरलं असेल तर आणखी आटवायला हवं. ही नॅपकिनची परीक्षा मी फळाच्याच नाही, चक्क्याच्या आणि क्रीमच्या बाबतीतही घेते. 600 ग्रॅम फळातून साधारण 480 ग्रॅमच्या आसपास तयार होतं, म्हणजे कपाला 20 ग्रॅम, सपाट दीड टेबलस्पून. कमी वाटेल, पण आटवल्यामुळे चव दाट असते.

क्रीमचं दुखणं वेगळं. नेहमीच्या पाकिटातल्या क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो. ते भाजीत घालायला, फ्रूट सॅलडमध्ये मिसळायला उत्तम. फेटल्यावर फुगल्यासारखं वाटतं, पण ती हवा धरून ठेवायला पुरेसा स्निग्धांश त्यात नसतो. दोन-तीन तासांत बुडबुडे बसतात आणि पाणी खाली येतं. फेटायचंच क्रीम म्हणून मिळतं त्यात स्निग्धांश 30 ते 35 टक्के असतो. पाकिटाच्या मागे आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या. बिनदुधाचं, वनस्पती तेलाचं व्हीप क्रीम सगळ्यात भक्कम उभं राहतं आणि केकवाले तेच वापरतात, हे खरं. पण तोंडात टाळूला चिकटून राहतं, आणि स्ट्रॉबेरीसारख्या नाजूक फळाची चव त्याखाली दबते. घरच्या बारशाला मी ते वापरणार नाही.

मी क्रीमला आधार देते तो चक्क्याचा. आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का बांधायची सवय घराघरात आहे, तिचा इथे थेट उपयोग होतो. चक्का हा मुळात पाणी काढून टाकलेला पदार्थ. तो क्रीमला अंग देतो, गोडाला किंचित आंबटपणा देतो, आणि स्ट्रॉबेरीशी त्याचं फार छान जमतं. 24 कपांना 600 मिली फेटायचं क्रीम, 300 ग्रॅम चक्का आणि 120 ग्रॅम आयसिंग शुगर. 300 ग्रॅम चक्क्याला साधारण 900 ग्रॅम सायीचं, न आंबलेलं दही बांधावं लागेल. दही जितकं घट्ट, तितकं कमी पुरतं. बांधलेलं दही फ्रिजमध्येच टांगा किंवा चाळणीवर ठेवून वर वजन ठेवा, 8 तास तरी. बाहेर टांगलं तर आंबतं आणि मग साखर वाढवावी लागते. झालेला चक्का नॅपकिनवर ठेवला तर फक्त त्याच्याखालचा कागद दमट व्हायला हवा, बाजूला पाणी पसरायला नको.

चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा, नाहीतर क्रीममध्ये कण राहतात आणि काचेतून दिसतात. साखरेचं इथेही तेच: चक्क्यात साखर घातली की तो सैल होतो, श्रीखंड करताना आपण हे दर वेळी बघतो. म्हणून साखर चक्क्यात घालू नका, क्रीम फेटताना घाला. दुकानातली आयसिंग शुगर घ्या, कारण तिच्यात थोडा स्टार्च मिसळलेला असतो आणि तो ओल धरतो. घरी दळलेली पिठीसाखर वापरायची असेल तर 120 ग्रॅमला 1 चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून चाळून घ्या.

क्रीम, भांडं आणि फेटायचे दांडे, तिन्ही फ्रिजमधून थेट बाहेर काढून लगेच कामाला लावायचे. क्रीमला उभं ठेवतात ते त्यातल्या स्निग्धाचे थंड, घट्ट कण. ते मऊ पडले की हवा निसटते. मार्चअखेरच्या दुपारी आपल्या स्वयंपाकघरात भांडं पाच मिनिटांत कोमट होतं, तेव्हा खाली परातीत बर्फाचं पाणी ठेवा. आधी मंद, मग मध्यम वेगावर फेटा. दांडा उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की थांबा. इथे पुढे जायचा मोह होतो. आणखी अर्धा मिनिट गेलं की क्रीम दाणेदार, किंचित पिवळसर दिसायला लागतं. ती लोणी निघायची सुरुवात, आणि लोण्याबरोबर ताकही सुटणारच. ते ताक मग कपात दिसतं. म्हणजे कमी फेटलेलंही रडतं आणि जास्त फेटलेलंही. टोक वाकण्याच्या टप्प्यावर चक्का दोनदा अर्धा-अर्धा घालून उलथण्याने खालून वर हलक्या हाताने मिसळा. मिसळताना ते आणखी थोडं घट्ट होतं, म्हणून आधी थोडं मागे थांबलेलं बरं.

चक्का असला की जिलेटिनची गरज मला पडत नाही. गाडीतून लांब न्यायचे असतील तरच 600 मिली क्रीमला 5 ग्रॅम जिलेटिन 25 मिली थंड पाण्यात 10 मिनिटं फुलवून, कोमट विरघळवून, फेटणं चालू असताना बारीक धारेने घालते. पण जिलेटिन प्राणिज असतं. बारशाला सगळ्या घरांतली माणसं येतात, तेव्हा विचारून घ्या किंवा घालूच नका. त्याऐवजी चायना ग्रास घालू का, असं खूपजणी विचारतात. क्रीममध्ये नको. ते उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि कोमट होता होताच गोठायला लागतं, त्यामुळे थंड क्रीमला लागताक्षणी त्याच्या शेवया होतात. बिनजिलेटिनचा साधा आधार हवा असेल तर दर 250 मिली क्रीमला 2 टेबलस्पून दुधाची पावडर फेटतानाच घाला. ती थोडं पाणी धरून ठेवते.

बिस्किटांचं काय करायचं, तर आधी मिक्सरमधला भुगा बंद. मिक्सरमध्ये निम्मी बिस्किटं पीठ होतात. ते पीठ काचेला चिकटतं, ओल लागली की त्याचाच चिखल होतो. जाड पिशवीत भरून लाटण्याने ठेचा. जाड रव्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचे तुकडे झाले की पिठाच्या चाळणीने चाळा, आणि खाली पडलेलं पीठ दुसऱ्या कशाला वापरा. चाळून उरलेला चुरा 330 ग्रॅम हवा, म्हणून मारीची 400 ग्रॅम बिस्किटं घ्या.

या चुऱ्याला स्निग्धाचं अस्तर द्यायचं, म्हणजे ओल आत शिरायला वेळ लागतो. बहुतेक कृतींत बटर असतं. बटरमध्ये सुमारे 16 टक्के पाणीच असतं हे लक्षात घेतलं जात नाही. ओल अडवायला म्हणून जे घालतोय तेच थोडी ओल बरोबर आणतं. त्यामुळे मी साजूक तूप घेते, 330 ग्रॅम चुऱ्याला 85 ग्रॅम. तूप कोमट करून चुऱ्यावर घाला, हाताने चोळा आणि जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर 5 मिनिटं परता. सादळलेली बिस्किटं असतील तर हे परतणं टाळूच नका. खमंग वास आला, रंग एक छटा गडद झाला की ताटात पसरा. गार झाल्यावर चुरा हाताला कोरडा, खडखडीत लागतो आणि चव नानकटाईकडे जाते. बटरच हवं असेल तर 100 ग्रॅम घ्या आणि परतायला 2-3 मिनिटं जास्त द्या, म्हणजे त्यातलं पाणी उडून जाईल. चीजकेकच्या कृतीतलं प्रमाण, म्हणजे चुऱ्याच्या जवळजवळ निम्मं बटर, इथे उचलू नका. तिथे तुकडा कापायचा असतो. कपात त्याची थंड झाल्यावर फरशी होते आणि प्लॅस्टिकचा चमचा मोडतो.

हे अस्तर किती टिकतं हेही सांगायला हवं. क्रीममध्येही पाणी आहेच, त्यामुळे चुरा कायमचा कुरकुरीत राहत नाही. असा तुपाचा, परतलेला चुरा 6-8 तास दाताखाली येतो. दुसऱ्या दिवशी तो केकसारखा मऊ होतो, पण थर सुबक राहतो, लगदा होत नाही. काहींना तो मऊच जास्त आवडतो. दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत हवा असेल तर तूप थोडं कमी करून 80 ग्रॅम वितळलेलं पांढरं चॉकलेट चुऱ्याला चोळून गोठवा. मग साखर 20-25 ग्रॅमने कमी करा, नाहीतर फार गोड होतं.

थर लावायचा क्रम: खाली चुरा, त्यावर क्रीम, मधोमध शिजवलेलं फळ, वर परत क्रीम, आणि सगळ्यात शेवटी ताजी फोड. फळ आणि बिस्किट यांची कुठेही गाठ पडू द्यायची नाही. तुमच्या कपांत फळ थेट चुऱ्यावर होतं असं मला वर्णनावरून वाटतं.

कप आतून कोरडे आहेत ना हे प्रत्येक कपाला बोट फिरवून बघा. धुतलेल्या कपाच्या तळाचा एक थेंबही चुऱ्याला पुरतो. कागदाचं नरसाळं करून तोंड कपाच्या तळाजवळ नेऊन 17 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन टेबलस्पून चुरा सोडा. वरून टाकला तर कण भिंतींना चिकटतात आणि नंतर क्रीममध्ये काळपट ठिपके दिसतात. मसाल्याच्या छोट्या बाटलीचं सपाट बूड स्वच्छ करून त्याने हलकेच दाबा. दाब इतकाच की पृष्ठभाग सपाट व्हावा. न दाबलेल्या चुऱ्यात क्रीम बोटभर खाली उतरतं आणि रेघ वाकडी होते. फार दाबलेल्यावर क्रीम धरत नाही, कप तिरका झाला की सरकतं. दाबून झाल्यावर 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तूप थिजून कण एकमेकांना धरतात.

क्रीम चमच्याने घालू नका. चमच्याने कितीही जपून घातलं तरी भिंतीला लागतंच. पायपिंग बॅग नसेल तर जाड, स्वच्छ पिशवीचा कोपरा करंगळीएवढा कापा. नळीचं टोक आधी कपाच्या भिंतीला टेकवून कडेने एक पूर्ण वर्तुळ घाला आणि मग आत गोल गोल येत मध्य भरा. लोक मध्यातून सुरुवात करतात, मग कडेला पोकळी राहते, आणि नेमक्या त्या पोकळीत रस उतरून लाल ओघळ दिसतो. कडेचं वर्तुळ नीट बसलं की बाहेरून दिसणारी रेघ सरळच येते. कप ओट्यावर ठेवलेल्या घडीच्या नॅपकिनवर एकदा अलगद आपटा, हवेची पोकळी बसते. पहिल्या थराला 25 ग्रॅम, वरच्याला 17 ग्रॅम क्रीम असं मी धरते. पहिले दोन-तीन कप वजनकाट्यावर ठेवून भरले की हाताला माप कळतं.

शिजवलेलं फळ फ्रिजमधून थंडगार काढूनच पिशवीत भरा. कोमट फळ क्रीमवर पडलं की खालचं क्रीम वितळतं आणि तो थर दुरुस्त होत नाही. फळ मधोमध घालून कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत ठेवलं तर वरचं क्रीम त्याला चारी बाजूंनी बंद करतं. गळायचा धोका तेव्हा सगळ्यात कमी. बाहेरून लाल पट्टा दिसायला हवा असेल तर कडेपर्यंत न्या, पण मग आटवणं चोख हवं, नॅपकिनच्या परीक्षेत पूर्ण उतरलेलं. दर थरानंतर कोरड्या नॅपकिनची सुरळी चमच्याच्या दांड्याला गुंडाळून वरची भिंत पुसून घ्या. ओला कपडा वापरला की काच धुरकट होते.

उरलेली 400 ग्रॅम ताजी स्ट्रॉबेरी वर येते. ही वाढायच्या तास-दीड तास आधीच चिरा. उभी दोन किंवा चार तुकड्यांत कापून, कापलेली बाजू खाली करून नॅपकिनवर 10 मिनिटं ठेवा आणि मग साल क्रीमकडे, कापलेली बाजू वर अशी बसवा. आधीच सजवून ठेवायचेच असतील तर स्ट्रॉबेरीऐवजी डाळिंबाचे दाणे घाला. दाणा कापलेला नसतो, त्याचं साल शाबूत असतं, म्हणून तो रडत नाही. अखंड ठेवलेल्या छोट्या द्राक्षांचंही तसंच. स्ट्रॉबेरीच्या कापलेल्या चकत्या काचेला चिकटवून फुलासारखी रचना करतात, ती फोटोत देखणी दिसते, पण दोन तासांनी प्रत्येक चकतीखाली लाल अश्रू असतो. लगेच खायचे असतील तेव्हाच ती करा.

झाकणाबद्दल माझा एक फसलेला दिवस सांगते. एका साखरपुड्याचे 60 कप होते. फळ पुरतं गार झालं नव्हतं, घाई होती, झाकणं लावून फ्रिजमध्ये टाकले. तीन तासांनी प्रत्येक झाकणाला आतून दव होतं आणि क्रीमवर खड्डेच खड्डे. वरचा थर खरवडून पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून कप आधी उघडेच फ्रिजमध्ये ठेवते, ट्रेवर वरून सुती कापड, अर्धा-पाऊण तास. ते पूर्ण थंड झाले की फ्रिजच्या दाराशीच झाकणं लावते. आणि फ्रिजमध्ये त्या दिवशी चिरलेला कांदा, लसणाची चटणी नको, क्रीम वास लगेच धरतं.

बारसं संध्याकाळी 6 ला असेल तर आदल्या दिवशी सकाळी चक्का बांधा, रात्री फळ शिजवा, चुरा परतून हवाबंद डब्यात ठेवा. या तिन्ही गोष्टींना रात्रभर काही होत नाही. बारशाच्या दिवशी सकाळी 11 च्या सुमारास क्रीम फेटून थर लावा, दोघी असाल तर 24 कपांना तासभर पुरतो. साडेचारला ताजी फळं वर ठेवा. वाढायला काढताना सगळे 24 एकदम मांडू नका, आठ-आठ काढा. खोलीतल्या उकाड्यात कप 20-25 मिनिटं देखणा राहतो, त्यानंतर क्रीम कडेने सुटायला लागतं. आणि दिसण्याचं सोडा, दुधाचा पदार्थ आहे, उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिलेला कप परत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कुणाला देऊ नका. बाळंतीण आणि लहान मुलं असणार आहेत.

पुढच्या महिन्यात स्ट्रॉबेरी संपलेली असेल तर आंब्याचेही असेच होतात, आणि सोपे होतात. हापूसचा गर मुळात दाट, त्याला पाणी कमी सुटतं. 500 ग्रॅम गर 50 ग्रॅम साखर घालून कढईत एक पंचमांश आटवला की बास, कॉर्नफ्लोअर लागत नाही. अननस मात्र कच्चा अजिबात घालू नका. त्यातलं पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांना फोडतं, चक्का-क्रीमला पाणी सुटतं आणि चव कडसर होते. जिलेटिनही त्याच्यापुढे बसत नाही. फोडी साखरपाण्यात 5 मिनिटं उकळल्या की ते द्रव्य निकामी होतं, मग निथळून, गार करून वापरा. किवी आणि पपई याच जातकुळीतली. किवी हवीच असेल तर वाढताना वर एक चकती, आत नाही.

बारशाच्या आधी एकदा चारच कप लावून बघा आणि सकाळी भिंतीला काय दिसलं ते कळवा. पाण्याचा रंग सांगितलात तर कुठे राहिलं ते मला इथून सांगता येईल.